आरडी म्हणजे पेन्शन नव्हे: हे दुकानदाराला गल्ल्यापाशी कसं समजवायचं

पोस्टाच्या आरडीची एजन्सी नुकतीच घेतलेल्या आणि पेठांमध्ये दुकानोदुकानी फिरायला लागलेल्या भगिनींसाठी हे लिहिते आहे. अर्ज कसा भरायचा, कार्डावर सही कुठे करायची, सिटी पोस्टात कोणत्या वेळी गर्दी कमी असते, हे तुम्ही महिन्याभरात शिकाल. पण एक वाक्य तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल, आणि त्यावर काय बोलायचं ते कोणी शिकवत नाही. ते वाक्य म्हणजे, "ताई, ही आरडी म्हणजे माझी पेन्शन आहे."

रविवार पेठेत माझे एक खातेदार आहेत. बटणं, दोरे, लेस, अस्तर असं शिंप्यांना लागणारं सगळं त्यांच्याकडे मिळतं. वय 46. एप्रिल 2021 मध्ये त्यांनी माझ्याकडे महिना दोन हजारांची आरडी उघडली, ती या एप्रिलमध्ये पिकली. पैसे घ्यायचे की पुढे चालू ठेवायचे, हे विचारायला गेले, तर म्हणाले, "चालूच ठेवा. साठीनंतर याच्यावरच बसून खायचं आहे."

इथे हसून "बरं भाऊ" म्हणायचा मोह होतो. आरडीच्या हप्त्यावर आपल्याला चार टक्के कमिशन आहे, त्यांचा गैरसमज दूर करण्याचं काहीच नाही. तरी तो दूर करावा, कारण साठीनंतर हाच माणूस आपल्याच दारात येणार आहे.

आधी मागच्या आरड्यांचं काय झालं ते विचारा

"आरडी ही पेन्शन नाही" असं तोंडावर सांगू नका. पंधरा वर्षं नेमाने पैसे भरणाऱ्या माणसाला ते लागतं, आणि मग पुढचं तो ऐकत नाही. मी फक्त विचारलं, "भाऊ, याआधीच्या आरड्या किती पिकल्या?"

दोन, ते म्हणाले. पहिलीतून दुकानाचं शटर आणि रॅक बदलले. दुसरी मुलीच्या प्रवेशाच्या वेळी कामाला आली. आणि ही तिसरी. "म्हणजे बघा ताई, वेळेला किती उपयोगी पडते!" असं तेच कौतुकाने म्हणाले, आणि लगेच जरा थांबले.

त्यांनी थांबलं की तुम्ही बोलायला सुरुवात करा. आरडी वेळेला उपयोगी पडते, तिचं कामच ते आहे. तिला पाच वर्षांची मुदत आहे. एक वर्ष हप्ते भरले की शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. तीन वर्षांनी मुदतीआधी बंदही करता येते, फक्त मग व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं. म्हणजे हात घातला की पैसे हाताला लागावेत अशीच तिची रचना आहे. पेन्शनची रचना बरोबर उलटी असते. दिवाळीचा माल भरायचा असो की मुलीचं लग्न असो, त्या पैशाला हातच लावता येऊ नये, तरच तो सत्तराव्या वर्षी जागेवर सापडतो.

मग भागाकार करा, आणि तो त्यांच्याच हाताने

मोबाइलवर आकडे दाखवले तर ते आपले वाटतात. त्यांच्याकडच्या कागदावर त्यांनीच लिहिले तर ते त्यांचे होतात. भाऊंनी बटणांच्या रिकाम्या खोक्याचं झाकण उलटं केलं आणि कानावरचं पेन काढलं.

दोन हजार गुणिले साठ महिने म्हणजे 1,20,000 भरले. 2021 मध्ये आरडीचा दर 5.8 टक्के होता, त्यामुळे हातात 1,39,000 च्या थोडी वर रक्कम आली. (खातं उघडताना जो दर असतो तोच पाच वर्षं राहतो. ऑक्टोबर 2023 पासून नव्या खात्याला 6.7 टक्के आहे, त्याने याच हप्त्याचे 1,42,700 च्या आसपास होतात.)

"आता घरखर्चाला महिना किती लागतो? दुकान सोडून, तुम्हा दोघांचाच." त्यांनी मुलीचा खर्च वजा करून दहा हजार लिहिले. घर स्वतःचं आहे म्हणून दहा, नाहीतर पुण्यात ते अवघडच. मी म्हटलं, आता भागा.

चौदा महिनेही पुरेनात. साठ महिने भरत राहायचं आणि चौदाव्या महिन्यात तळ दिसायचा.

"पण मी साठीपर्यंत भरतच राहणार ना!" हे उत्तर येणारच, आणि ते रास्त आहे. म्हणून तोही हिशेब करून ठेवा. आजपासून चौदा वर्षं दर महिन्याला दोन हजार, मध्ये एकदाही न मोडता, पिकलेली रक्कम पुन्हा गुंतवत, दर 6.7 टक्केच राहिला असं धरून आणि व्याजावरचा कर बाजूला ठेवून, साधारण साडेपाच लाख होतात. त्यातून महिना दहा हजार काढायला लागलं, उरलेल्यावर सहा टक्के व्याज मिळत राहिलं, तर पैसे साडेपाच वर्षांच्या आतच संपतात. म्हणजे वयाच्या पासष्टीत.

शिवाय चौदा वर्षांनी दहा हजारांत आजचं घर चालणार नाही. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तरी तेच सामान वीस हजारांच्या घरात जातं. हा आकडा मी मुद्दाम सगळ्यात शेवटी सांगते. आधीच सांगितला तर माणूस म्हणतो, "मग मरू दे, नकोच ते," आणि पेन बाजूला ठेवतो.

"जन्मभर" या शब्दाचा अर्थ

नव्या एजंटची गाडी अडते ती इथे, कारण आपणच हा शब्द सैल वापरतो. भाऊंच्या मागे दोऱ्याच्या रिळांचं कपाट होतं. प्रत्येक रिळाच्या लेबलावर मीटर छापलेले असतात. मी म्हटलं, आरडी म्हणजे हे रीळ. किती मीटर आहे ते पहिल्या दिवसापासून माहीत. पण कापड किती शिवायचं आहे ते माहीत आहे का? त्यांचे वडील एकोणसत्तराव्या वर्षी गेले आणि आई आज ब्याऐंशीची आहे, रोज सकाळी दुकानात येऊन उदबत्ती लावते. एकाच घरात तेरा वर्षांचा फरक.

आयुष्य किती ते माहीत नसल्यामुळे एकट्या माणसाला स्वतःची पेन्शन स्वतः उभी करता येत नाही. नव्वदीपर्यंत जगायच्या हिशेबाने पैसे ठेवले, तर साठीपासून पोटाला चिमटा. पंचाहत्तरीच्या हिशेबाने खर्च केले, तर पुढे मुलांकडे हात पसरायचा. ही जोखीम दुसऱ्या कोणीतरी अंगावर घ्यावी लागते, आणि ज्याच्याकडे अशी हजारो माणसं आहेत तोच ती घेऊ शकतो.

हे समजवायला भिशीसारखी सोय नाही, कारण पेठेतला प्रत्येक दुकानदार एखाद्या तरी भिशीत असतोच. नेहमीच्या भिशीत ज्याची बारी येते तो रक्कम उचलतो आणि शेवटी सगळ्यांचं फिटतं. आता अशी भिशी धरा, की साठीला आलेल्या शंभर जणांनी मोठी रक्कम एकदाच टाकली, आणि दर महिन्याला प्रत्येकाला ठरलेले पैसे मिळतात, पण जिवंत असेपर्यंतच. जे पासष्टीला जातात त्यांचा उरलेला वाटा भिशीतच राहतो, आणि नव्वदीपर्यंत टिकणाऱ्यांना त्यातून मिळत राहतं. कोण किती जगेल हे कोणालाच माहीत नसतं, पण शंभरांत सत्तरीला साधारण किती उरतील याचा अंदाज बांधता येतो. विमा कंपनी जन्मभराचं वचन देते ते या अंदाजावर. या कराराला अॅन्युइटी म्हणतात. पेशवाईत वर्षासन होतं, तेही दरसाल ठरलेलं मिळायचं. फरक इतकाच, की ते सरकारच्या मर्जीवर असे आणि हे करारावर आहे.

भाऊंनी लगेच विचारलं, "मी दोन वर्षांत गेलो तर पैसे बुडाले?" हा प्रश्न हमखास येतो. उत्तर असं, की अॅन्युइटी घेताना पर्याय निवडायचा असतो. तुमच्या हयातीपुरती पेन्शन आणि मागे काही नाही, हा पर्याय घेतला तर दरमहा जास्त मिळतं. तुमच्यानंतर पत्नीला तिच्या हयातीपर्यंत पेन्शन, आणि दोघांनंतर भरलेली मूळ रक्कम वारसाला परत, असा पर्याय घेतला तर दरमहा कमी मिळतं. कमी का, तर तुमचं मुद्दल कंपनीला शेवटी परत करायचं असल्याने ती मुख्यतः त्याच्या व्याजातूनच पेन्शन देते. एकदा निवडलेला पर्याय पुढे बदलत नाही. म्हणून वहिनींना विचारल्याशिवाय तो निवडू देऊ नका.

कोणत्याही कागदाला विचारायचे चार प्रश्न

मी हे प्रश्न खातेदाराच्या वहीत लिहूनच देते, म्हणजे मी नसताना दुसरा कोणी काही विकायला आला तरी ते हाताशी असतात. पैसे कधी थांबणार? मी गेलो की कोणाला मिळणार? दरमहाची रक्कम मध्येच कमी होऊ शकते का? आणि हे वचन नक्की कोणाचं?

आरडीला पहिला प्रश्न विचारा. ती तर पैसे द्यायला सुरुवातच करत नाही, एकदाच देते आणि मोकळी होते. तिथेच विषय संपला.

पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत लोक जास्त फसतात. फसतात म्हणजे समजुतीत, योजना उत्तम आहेत. दरमहा किंवा तिमाहीला व्याज खात्यात येतं, म्हणून ते पेन्शनसारखं दिसतं. पण दोन्हींची मुदत पाच वर्षांची आहे, ज्येष्ठ नागरिक योजना पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येते, आणि प्रत्येक वेळी त्या दिवशीचा दर लागतो. 2012 मध्ये या योजनेला 9.3 टक्के दर होता. दहा लाख ठेवणाऱ्याला तिमाहीला 23,250 रुपये मिळायचे. 2020 मध्ये दर 7.4 टक्क्यांवर आला, तेव्हा त्याच दहा लाखांवर 18,500. औषधांची बिलं वाढत असताना महिन्याला जवळपास सोळाशे रुपये कमी झाले, आणि यात कोणी कोणाला फसवलं नव्हतं. आज या योजनेचा दर 8.2 टक्के आहे, पुढे किती असेल ते सांगता येत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे "होय, होऊ शकते" असं आहे.

चौथा प्रश्न पिग्मी आणि पतसंस्थेच्या आरडीसाठी. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँक धरून, एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. पिग्मीवाला रोज दुकानात येतो, चहा घेतो, घरचाच वाटतो. तरी वचन कोणाचं, हा प्रश्न त्यालाही विचारायचा.

जन्मभराच्या उत्पन्नाला किती मोठा हौद लागतो

आता झाकणाची दुसरी बाजू. मूळ रक्कम परत देणाऱ्या अॅन्युइटीचा दर समजण्यापुरता वर्षाला साडेसहा टक्के धरायचा. खरा दर वय, पर्याय आणि घ्यायच्या दिवसावर ठरतो, म्हणून त्या वेळी दोन-तीन कंपन्यांकडून लेखी आकडे मागवायचेच. साडेसहाने महिना दहा हजार हवे असतील तर साडेअठरा लाख लागतात. वीस हजारांना सदतीस लाखांच्या आसपास.

सदतीस लाख हा आकडा ऐकून भाऊंनी पेन ठेवलं. तेवढ्यात एक शिंपी आला, दोन ग्रोस पांढरी बटणं घेऊन गेला, आणि गिऱ्हाईक करता करता त्यांचं डोकं चालूच होतं. परत आले आणि म्हणाले, "मग माझ्या साडेपाच लाखांची पेन्शन किती?" हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारला, त्यामुळे माझं काम सोपं झालं. महिना सुमारे तीन हजार. जन्मभर, पण तीन हजार. आणि ती रक्कम पुढे वाढतही नाही. साध्या अॅन्युइटीत साठीला ठरलेला आकडा ऐंशीलाही तोच असतो. दरवर्षी वाढणारा पर्याय मिळतो, पण त्यात सुरुवातीची रक्कम बरीच कमी असते.

म्हणजे जन्मभराच्या हमीला दोन गोष्टी लागतात. साठीपर्यंत हात न लावता साचलेली मोठी रक्कम, आणि ती रक्कम घेऊन आयुष्याची जोखीम उचलणारा कोणीतरी. आरडीने फारतर पहिल्यातला थोडा भाग होतो.

वय विचारा, दोघांचंही

सरकारी हमीच्या छोट्या हप्त्यांच्या योजना वयाच्या चाळिशीपर्यंतच उघडतात. अटल पेन्शन योजनेला वय 18 ते 40 लागतं. छोट्या व्यापाऱ्यांसाठी 2019 मध्ये आलेली साठीनंतर तीन हजारांची योजना होती, तिलाही हीच वयाची अट. भाऊ 46 चे, म्हणजे दोन्ही दारं बंद. पाच वर्षांपूर्वीही बंदच होती, पण त्या आधी कोणी सांगितलं असतं तर? कोणी म्हणजे मीच, दुसऱ्या आरडीच्या वेळी. तेव्हा मी फक्त हप्ते गोळा करत होते.

पण वहिनींचं वय 38.

नवे एजंट नेमकं हेच विचारायचं विसरतात, कारण खातं भाऊंच्या नावावर असतं आणि गल्ल्यावरही तेच असतात. अटल पेन्शन प्रत्येकाची स्वतंत्र असते. 38 व्या वर्षी सुरू केली तर साठीनंतर महिना पाच हजारांसाठी हप्ता 1,196 रुपये, बावीस वर्षं. साठीनंतर वहिनींना हयातभर पाच हजार, त्यांच्यानंतर भाऊ असतील तर त्यांना तेवढेच, आणि दोघांनंतर नॉमिनीला साडेआठ लाख. चारही प्रश्नांना सरळ उत्तरं मिळतात, आणि वचन केंद्र सरकारचं. ऑक्टोबर 2022 पासून आयकर भरणाऱ्या व्यक्तीला ही योजना घेता येत नाही, म्हणून ते आधी विचारून घ्या. वहिनींचं उत्पन्न करपात्र नव्हतं.

तोटाही लगेच सांगा. साठीआधी सोडली तर फक्त भरलेले पैसे आणि त्यावर प्रत्यक्ष मिळालेलं व्याज परत मिळतं, तेही खर्च वजा जाऊन. आणि बावीस वर्षांनी पाच हजारांची किंमत, महागाई पाच टक्के धरली तर, आजच्या सतराशे रुपयांएवढी असेल. म्हणजे साधारण दूध, वीज आणि गॅस भागेल, घर भागणार नाही.

जमेल त्या रकमेची मांडणी

भाऊंना दोन हजारांऐवजी ताणून पाच हजार जमतील असं त्यांनी स्वतः सांगितलं. मी ते असे मांडून दिले. 1,196 वहिनींच्या अटल पेन्शनला. उरलेले तीन हजार आठशे भाऊंच्या साठीसाठी, दुकानाच्या पैशापासून वेगळे. आणि आता पिकलेले 1,39,000 पोस्टात मुदत ठेवीत, दुकानाची आणि आजारपणाची गरज म्हणून. शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अडचणीला वेगळा पैसा नसेल तर पेन्शनचा पैसा पहिल्या दिवाळीलाच मोडतो. अॅन्युइटीत टाकलेले पैसे तर दवाखान्यासाठीही सहज बाहेर येत नाहीत.

तीन हजार आठशे कुठे ठेवायचे? आरड्यांच्या साखळीत ठेवता येतात, पण भाऊंच्या दोन आरड्या कशा विरघळल्या ते आपण पाहिलं. दर पाच वर्षांनी रक्कम हातात येते आणि समोर खर्च उभाच असतो. एनपीएस या राष्ट्रीय पेन्शन योजनेत पैसा बहुतेक साठीपर्यंत अडकतो आणि साठलेली रक्कम मोठी असेल तर शेवटी त्यातल्या ठरावीक भागाची अॅन्युइटी घ्यावी लागते, हा त्याचा गुण. पण वाटेत किती वाढेल याची हमी नाही, ते बाजारावर असतं. हमी सुरू होते ती अॅन्युइटी घेतल्या दिवसापासून. हे दोन तुकडे भाऊंना वेगळे करून सांगितले की एनपीएसबद्दल ना अवास्तव आशा राहते, ना भीती. यात निवड मी करत नाही, तो माझा परवाना नाही.

आरडीच्याच दराने हिशेब केला, तर तीन हजार आठशेचे साठीला साडेदहा लाख होतात आणि पेन्शन महिना 5,700 च्या आसपास. वहिनींचे पाच हजार सुरू होतील तेव्हा भाऊ 68 चे असतील. म्हणजे मधली आठ वर्षं तुटपुंजी जाणार. इथे दुकानदाराकडे एक गोष्ट असते जी नोकरदाराकडे नसते. त्याला 58 व्या वर्षी कोणी घरी बसवत नाही. भाऊंनी गल्ला पासष्टीपर्यंत सांभाळला आणि अॅन्युइटी तेव्हा घेतली, तर त्याच हप्त्याचे साडेसतरा लाखांजवळ जातात आणि पेन्शन साडेनऊ हजारांच्या जवळ. पाच वर्षांत इतका फरक पडतो, कारण हप्ते चालू राहतात आणि साठलेल्या मोठ्या रकमेवर व्याज चढतं. हा आकडा लिहिल्यावर भाऊंनी झाकणावर त्याच्याभोवती गोल केला. वीस हजारांना तो अजूनही पुरत नाही, हे मी सांगितलं. "निम्म्याजवळ तर गेलो," ते म्हणाले, "अडीच वर्षांनी मुलगी कमवायला लागली की हप्ता वाढवतो." मी मान हलवली, पण वहीत तो वाढीव हप्ता धरला नाही.

दुसरा कोणी "गॅरंटीड पेन्शन" घेऊन आला तर

असा कोणीतरी येतोच, बहुतेक लांबचा नातेवाईक. दहा वर्षं हप्ते भरा, मग पंधरा वर्षं खात्रीचं उत्पन्न, असा तो कागद असतो. वाईट नसतो, पण तो पुन्हा मीटर छापलेलं रीळच असतो, जरा मोठं. ओळखायची खूण एकच आहे. कागदावर उत्पन्नाचा कालावधी वर्षांत लिहिला आहे की "हयातीपर्यंत" असं लिहिलं आहे ते बघायचं. तोंडी "लाइफटाइम" म्हटलेलं धरायचं नाही. पॉलिसी घेऊन झाल्यावर चूक लक्षात आली, तर हाती पडल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. त्यामुळे खातेदाराला सांगून ठेवा, की पाकीट आलं की कपाटात टाकू नका, त्याच आठवड्यात मला दाखवा.

बँकेत जाताना

अटल पेन्शनला वहिनींचं बचत खातं, आधार आणि मोबाइल नंबर लागतो. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, त्यामुळे कापायच्या दिवशी शिल्लक नसेल तर हप्ता चुकतो आणि दंड लागतो. दुकानदाराच्या घरात पैसा भाऊंच्या खात्यात असतो आणि वहिनींच्या खात्यात गॅसच्या सबसिडीपुरताच. त्यामुळे भाऊंच्या खात्यातून दर महिन्याला बाराशे रुपये वहिनींच्या खात्यात आपोआप जातील अशी सूचना बँकेत त्याच दिवशी देऊन यायची.

आणि आधारवरची जन्मतारीख नक्की बघा. वहिनींचा जन्म घरचे सांगतात तसा आषाढातला, पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिली, आपल्याकडे निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस असतो तीच. बँक आधारच धरते. म्हणजे 1 जूनला कागदावर वहिनींना 39 पूर्ण होणार, आणि पाच हजारांच्या त्याच पेन्शनचा हप्ता 1,196 वरून 1,318 होणार. भाऊ म्हणत होते, लग्नसराई संपू द्या, मग सवडीने जून-जुलैत बँकेत जाऊ. मी झाकणावर 31 मे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आणि ते झाकण गल्ल्याच्या काचेखाली सरकवलं.